संदर्भनोंद (अभियांत्रिकी प्रकल्प-अहवालातील) : मानके, पेटंट आणि डेटाशीट

अंतिम वर्षाच्या प्रकल्प-अहवालात वापरलेले मानक, पेटंट किंवा उत्पादकाची माहितीपुस्तिका नेमकी कोणती, तिची कोणती आवृत्ती आणि तिच्यातला कोणता भाग आधाराला घेतला, हे सांगणारी नोंद. पुस्तकाच्या नोंदीत लेखक आधी येतो. इथे लेखकाच्या जागी बहुधा संस्था असते आणि खरी ओळख क्रमांक, वर्ष व आवृत्ती यांनी पटते.

मुळशी तालुक्यातील लवळे येथे सिम्बायोसिस व भारती विद्यापीठ या दोन्ही संस्थांची अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. अशा ठिकाणी सहज निवडला जाईल असा एक कल्पित प्रकल्प उदाहरणादाखल घेऊ : काँक्रीटचे चाचणी-ठोकळे ज्या टाकीत क्युरिंगला ठेवतात, तिच्या पाण्याचे तापमान बिघडले की इशारा देणारे यंत्र.

तापमान किती हवे? प्रयोगशाळेत सर्वांच्या तोंडी असलेले उत्तर २७ ± २ अंश सेल्सिअस असे आहे आणि ते आयएस ५१६ : १९५९ या मानकात सापडते. इंटरनेटवर शोधले की त्याची स्कॅन केलेली जुनी प्रत चटकन हाती येते, म्हणून अहवालात तीच उतरते. पण भारतीय मानक ब्यूरोने हे मानक पुढे अनेक भागांत विभागले. ताकदीच्या चाचण्या आयएस ५१६ (भाग १/विभाग १) : २०२१ मध्ये आल्या, तर ठोकळे तयार करणे व त्यांचे क्युरिंग हा विषय आयएस ११९९ (भाग ५) : २०१८ कडे गेला. म्हणजे या प्रकल्पासाठी उघडायचे मानक दुसऱ्याच क्रमांकाचे आहे. नुसते ‘आयएस ५१६ प्रमाणे’ असे लिहिले, तर वाचणारा नव्या ५१६ मध्ये क्युरिंग शोधत बसतो. नोंदीत संस्था, क्रमांक, भाग, वर्ष आणि शीर्षक द्यावे. वाक्यात मात्र कलम क्रमांकही हवा, कारण ‘मानकानुसार’ एवढ्यावरून काहीच तपासता येत नाही.

दुसरी गफलत डेटाशीटची. तापमानासाठी LM35 हा स्वस्त सेन्सर घेतला जातो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या डेटाशीटच्या पहिल्याच पानावर २५ अंशांना अर्ध्या अंशाची अचूकता ठळकपणे दिलेली आहे आणि विद्यार्थी तीच उचलतात. दुकानात मिळणाऱ्या तुकड्यावर मात्र बहुतेकदा LM35DZ छापलेले असते. आतल्या तक्त्यात ‘डी’ प्रकाराची २५ अंशांवरील कमाल चूक ± १.५ अंश आहे. अर्ध्या अंशाची मर्यादा ‘ए’ प्रकाराची.

फरक किती पडतो ते पाहा. यंत्राने २८ अंश दाखवले. चूक अर्ध्या अंशाची धरली, तर पाणी २७.५ ते २८.५ च्या दरम्यान, म्हणजे २९ च्या मर्यादेत आहे. चूक दीड अंशाची धरली, तर ते २९.५ असू शकते आणि यंत्र गप्प बसलेले असेल. म्हणून नोंदीत उत्पादक, सेन्सरचा पूर्ण क्रमांक, दस्तऐवजाचा क्रमांक व सुधारणेचे अक्षर (इथे SNIS159H, डिसेंबर २०१७) द्यावे आणि मजकुरात तक्त्याचा उल्लेख करावा. विक्रेत्याच्या संकेतस्थळावरचे वर्णन डेटाशीटच्या जागी चालत नाही.

पेटंटचा उल्लेख येतो तो ‘यापूर्वी झालेले काम’ या प्रकरणात. तिथे अर्ज, प्रसिद्धी आणि मंजुरी यांची सरमिसळ होते. भारतात अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि जादा शुल्क भरले तर त्याआधीही. त्या प्रसिद्धीचा मंजुरीशी संबंध नसतो. मंजुरी परीक्षणानंतर मिळते आणि तिला वेगळा क्रमांक असतो.

मंजुरीही टिकतेच असे नाही. हळदीने जखम भरण्याचे अमेरिकी पेटंट ५,४०१,५०४ मार्च १९९५ मध्ये मंजूर झाले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे माजी संचालक रघुनाथ माशेलकर त्यानंतर सीएसआयआरचे प्रमुख झाले. त्यांच्या काळात सीएसआयआरने जुने संस्कृत, उर्दू व हिंदी संदर्भ पुढे ठेवून त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये त्यातील दावे रद्द ठरले. तो क्रमांक शोधला की दस्तऐवज आजही दिसतो. जुने काम म्हणून तो उद्धृत करता येतो, पण ‘पेटंटने संरक्षित’ असे त्याच्याबद्दल लिहिता येत नाही.

पेटंटच्या नोंदीत शोधकांची नावे, शीर्षक, देश, क्रमांक, तारीख व सद्यःस्थिती असावी. २०१६ पासूनच्या भारतीय अर्जाचा क्रमांक बारा अंकी असतो. पहिले चार अंक वर्षाचे, पाचवा कार्यालयाचा. महाराष्ट्रातले अर्ज मुंबई कार्यालयाकडे जात असल्याने लवळ्याहून केलेल्या अर्जात तिथे २ दिसतो. प्रकल्प-अहवालात ‘मंजूर पेटंट’ म्हणून असा बारा अंकी क्रमांक दिला असेल, तर तो अर्जाचा क्रमांक आहे हे परीक्षकाला पाहताक्षणी कळते.