क्विक असिस्ट की रिमोट असिस्टन्स? परवानगीची खिडकी नीट समजून घ्या

समजा, आई साताऱ्यात आहे आणि तुम्हाला पुण्यातून तिच्या कॉम्प्युटरवर प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायचाय. विंडोजमध्ये त्यासाठी दोन सोयी आहेत.

क्विक असिस्ट: दोघांनीही Ctrl + Windows + Q दाबा. मायक्रोसॉफ्ट खातं फक्त मदत करणाऱ्याला लागतं. तुम्हाला मिळालेला सहा अक्षरी कोड आईला फोनवर सांगा, तो थोडाच वेळ चालतो. तिने कोड टाकून Allow दाबलं की तुम्हाला स्क्रीन फक्त दिसते. माउस हातात घ्यायला Request control दाबा. आईला पुन्हा Allow म्हणावं लागेल.

ड्रायव्हर टाकताना 'या अ‍ॅपला बदल करू द्यायचे का?' अशी खिडकी आली की तुमच्याकडची स्क्रीन काळी होते. कनेक्शन तुटलेलं नसतं. त्या खिडकीत Yes आईनेच दाबायचं असतं.

रिमोट असिस्टन्स: ही जुनी सोय Windows + R दाबून msra टाइप केलं की उघडते. इथे आमंत्रणाची फाइल आणि पासवर्ड आई पाठवते, खातं लागत नाही. नियंत्रण देताना, अशा खिडक्यांना तुम्ही उत्तर द्यायचं का, असा चौकोन येतो. त्यावर टिक नसेल तर इथेही स्क्रीन काळी होते. घरच्या राउटरमुळे जोडणी अडू शकते, म्हणून आधी क्विक असिस्ट वापरून बघा.

आईला एवढं मात्र बजावा: स्वतःहून फोन करणाऱ्या अनोळखी माणसाने कोड सांगितला, तर तो टाकायचाच नाही.