इसार, उभं पीक आणि एचडीएफसीचे वॉरंट

तर मंडळी, या वीकेंडचा विषय जरा पैशांचा आहे. घाबरू नका, टिप वगैरे देणार नाही. ऑफिसात हल्ली एक वाक्य वरचेवर कानावर पडतं: "अख्खा शेअर घेऊन एवढे पैसे कशाला अडकवायचे? लांब मुदतीचा कॉल घ्यायचा, दहा टक्क्यांत काम होतं." हे वाक्य बहुतेक अमेरिकन पुस्तकांतून आलेलं असतं. तिथे शिकागोच्या ऑप्शन बाजारात १९९० पासून दोन-तीन वर्षं मुदतीचे कॉल मिळतात. आपल्याकडे हे कधी झालं का, आणि झालं तेव्हा हिशोब काय निघाला, ते आज बघू.

आमच्या परभणीकडच्या माणसाला कॉल ऑप्शन समजावायला फार वेळ लागत नाही, कारण त्याला इसार माहीत असतो. जमिनीचा सौदा ठरला की थोडी रक्कम इसार म्हणून द्यायची, इसार पावती करायची आणि ठरलेल्या मुदतीत उरलेले पैसे देऊन खरेदीखत करायचं. मधल्या काळात भाव वाढला तरी आपला भाव पक्का. फरक दोन आहेत. इसार पुढे किमतीतून वजा होतो, कॉलचं प्रीमियम होत नाही. आणि इसार दिला की सौदा पुरा करायचं बंधन येतं. कॉलवाला मात्र प्रीमियम सोडून खुशाल घरी जाऊ शकतो.

पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे, आणि तीच लोक विसरतात. खरेदीखत होऊन ताबा मिळेपर्यंत रानात उभा असलेला कापूस जुन्या मालकाचा! शेअरच्या बाबतीत ते पीक म्हणजे लाभांश.

आता थोडा इतिहास. असे सौदे आपल्याकडे परके नव्हते. मुंबईच्या बाजारात कॉलला 'तेजी' आणि पुटला 'मंदी' म्हणत. सट्टा फार वाढतो म्हणून सरकारने दोन्ही बंद केले. मालाच्या, म्हणजे मानवत-सेलूच्या बाजारात येतो त्या कापसासकट, ऑप्शनवर १९५२ च्या वायदे कायद्याने बंदी आली आणि शेअरच्या ऑप्शनवर १९५६ च्या रोखे कायद्यातल्या कलम २० ने. शेअरवरची बंदी १९९५ मध्ये उठली, आणि राष्ट्रीय शेअर बाजारात एकेका शेअरचे ऑप्शन जुलै २००१ मध्ये सुरू झाले. पण ते जास्तीत जास्त तीन महिन्यांचे, आणि आजही तसंच आहे. लांब मुदतीचे ऑप्शन २००८ पासून मिळतात, पण निफ्टीसारख्या निर्देशांकांवर, आणि तिथेही लांबच्या महिन्यांत व्यवहार तुरळकच.

मग तीन वर्षांचा कॉल कुठे बघायचा? त्याचं उत्तर कंपन्यांनी स्वतः काढलेल्या वॉरंटमध्ये आहे. वॉरंट म्हणजे कंपनीनेच विकलेला कॉल: आज थोडे पैसे द्या, ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या भावाने नवा शेअर घ्या. एचडीएफसीने (म्हणजे बँक नव्हे, १९७७ साली स्थापन झालेली गृहकर्जवाली मूळ कंपनी) २००९ मध्ये असे वॉरंट काढले होते. किंमत २७५ रुपये, शेअर घेण्याचा भाव ३००० रुपये, मुदत तीन वर्षं. २०१० मध्ये एका शेअरचे पाच झाले, तेव्हा वॉरंटचा भावही त्या हिशोबाने ६०० झाला. शेअर तुटला तर वॉरंट जुळवून घेतात. पण नेहमीचा लाभांश दिला म्हणून काही जुळवत नाहीत. हे लक्षात ठेवा.

खरी मजा ऑगस्ट २०२० मध्ये आहे. त्या वेळी एचडीएफसीने मोठ्या गुंतवणूकदार संस्थांना एकाच सुमारास तीन गोष्टी विकल्या. १७६० रुपयांना शेअर. १८० रुपयांना वॉरंट, ज्यावर ३६ महिन्यांत कधीही २१६५ रुपयांना शेअर घेता येईल. आणि तीन वर्षांचे, ५.४० टक्के व्याजाचे रोखे. तुमच्या-आमच्यासाठी ते दार नव्हतं, पण अभ्यासाला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. एकच कंपनी, एकच वेळ, शेअर आणि त्याचा पर्याय दोन्हींची किंमत समोर लिहिलेली.

दोन माणसं धरू. पहिल्याने १७६० चा शेअर घेतला. दुसऱ्याने १८० चं वॉरंट घेतलं आणि वाचलेले १५८० रुपये त्याच ५.४० टक्क्यांच्या रोख्यांत ठेवले. (ही दुसरी पायरी महत्त्वाची आहे. वाचलेले पैसे कुठे ठेवले ते सांगितल्याशिवाय 'भांडवल वाचलं' याला काही अर्थ नाही.)

तीन वर्षांत पुढे काय झालं? १ जुलै २०२३ ला एचडीएफसी तिच्याच बँकेत विलीन झाली. शेअरचे व्यवहार थांबले तेव्हा भाव २७०० च्या थोडा वर होता. आपण २७०० धरू. मधल्या काळात लाभांश मिळाला २०२१ मध्ये २३ रुपये, २०२२ मध्ये ३० आणि मे २०२३ मध्ये ४४. एकूण ९७.

पहिल्या माणसाकडे झाले २७०० अधिक ९७, म्हणजे २७९७. नफा १०३७ रुपये.

दुसऱ्याचं वॉरंट झालं २७०० वजा २१६५, म्हणजे ५३५ चं. १८० चे ५३५, जवळपास तिप्पट! पार्टीत सांगायला हा आकडा छान आहे. पण पूर्ण खिसा बघा: ५३५, रोख्यांचे १५८० आणि त्यावरचं तीन वर्षांचं सुमारे २५६ व्याज. एकूण २३७१. नफा ६११. म्हणजे शेअरवाल्यापेक्षा ४२६ रुपये कमी.

हे ४२६ गेले कुठे? वॉरंटच्या वाटेने शेअरची किंमत पडते २१६५ अधिक १८०, म्हणजे २३४५. आजच्या १७६० पेक्षा ५८५ जास्त. त्यातून वाचलेल्या पैशांवरचं २५६ व्याज वजा करा, उरले ३२९. त्यात सोडलेला ९७ लाभांश मिळवा, झाले ४२६. बस्स, एवढंच गणित. शेअर २१६५ च्या वर कितीही गेला, ३००० झाला किंवा ५०००, तरी हा फरक ४२६ च राहतो.

मग दुसरा माणूस मूर्ख होता का? अजिबात नाही. त्याने विमा घेतला होता. कोविडनंतरचा काळ होता. समजा शेअर १००० वर गेला असता. तर पहिल्याचं लाभांश धरून ६६३ रुपयांचं नुकसान झालं असतं. दुसऱ्याचं वॉरंट शून्य, पण २५६ व्याजातून १८० गेले तरी ७६ रुपये वर. दोघांची बरोबरी होते शेअर साधारण १७३९ वर असताना. त्याच्या खाली वॉरंटवाला जिंकतो, वर शेअरवाला. म्हणजे लांब मुदतीचा कॉल हा स्वस्तातला शेअर नाही. तो शेअर, उधारी आणि विमा यांचं एकत्र पाकीट आहे, आणि तिन्हींची किंमत त्यात धरलेली असते.

आता काळाची झीज. वॉरंट रोज थोडं थोडं झिजतं, पण सारख्या वेगाने नाही. शेअर ठरलेल्या भावाच्या आसपास असेल तर वॉरंटची किंमत ढोबळमानाने उरलेल्या मुदतीच्या वर्गमुळाप्रमाणे चालते. ३६ महिन्यांच्या जागी ९ महिने उरले की किंमत निम्मी. म्हणजे पहिल्या २७ महिन्यांत जेवढं झिजतं, तेवढंच शेवटच्या ९ महिन्यांत. जून २०२२ मध्ये हा शेअर काही दिवस २१६५ च्या खाली होता. शेअरवाला तेव्हाही १७६० च्या मानाने आरामात होता आणि लाभांशही खात होता. वॉरंटवाल्याच्या हातात मात्र नुसता उरलेला वेळ होता. ज्याने अख्खे १७६० वॉरंटमध्ये घातले असते, त्याची झोप उडाली असती, कारण मुदत त्या दिवशी संपली असती तर सगळं शून्य.

लाभांशाबद्दल मात्र एक गैरसमज काढायला हवा. 'लाभांश बुडाला' हे अर्धंच खरं आहे. अपेक्षित लाभांश कॉलच्या किमतीतून आधीच वजा झालेला असतो. पीक जुन्या मालकाकडे जाणार हे माहीत असलेला माणूस इसार देताना तेवढा भाव पाडूनच मागतो. २०२० मध्ये कंपनीने २१ रुपये दिले होते. तोच धरून तीन वर्षांचे साठ-सत्तर रुपये कोणीही गृहीत धरले असते. खरा फटका अंदाजापेक्षा जास्त मिळालेल्या रकमेचा, म्हणजे मुख्यतः २०२३ च्या त्या ४४ चा.

आणि त्यावरही उपाय होता, कारण वॉरंट कधीही वापरता येत होतं. मे २०२३ मध्ये मुदत तीनच महिने उरली होती. लाभांशाच्या आधी २१६५ भरून शेअर घेतला असता, तर त्या रकमेवरचं तीन महिन्यांचं व्याज गेलं असतं, सात टक्क्यांनी सुमारे ३८ रुपये. आणि हातात आले असते ४४. विम्याची उरलेली किंमत शेअर इतका वर असताना अगदी थोडी. म्हणजे नियम असा: पुढचा लाभांश हा उरलेल्या काळाच्या व्याज आणि विम्यापेक्षा जास्त असेल, तर लाभांशाच्या आधी हक्क वापरावा, नाहीतर शेवटपर्यंत थांबावं. ही मुभा आपल्या बाजारातल्या आजच्या ऑप्शनला नाही. शेअरचे ऑप्शन २०११ पासून फक्त मुदतीच्या दिवशीच वापरता येतात.

म्हणून ऑफिसातल्या त्या वाक्याला माझं उत्तर असं. तीन महिन्यांचा कॉल बारा वेळा पुढे ढकलणं म्हणजे तीन वर्षांचा कॉल नव्हे. त्यात झिजेचा सगळ्यात वाईट, शेवटचा भाग तुम्ही बारा वेळा विकत घेता. शिवाय शेअरच्या ऑप्शनमध्ये २०१९ पासून मुदतीला खरेच शेअर घ्यावे लागतात, म्हणजे 'वाचलेलं' भांडवल त्या दिवशी हजर पाहिजे. निफ्टीचा लांबचा कॉल घेतलात तरी पीक दुसऱ्याचंच, कारण नेहमीच्या निफ्टीत लाभांश मोजलेला नसतो.

असो. पुढच्या वेळी कोणी तिप्पट झाल्याचं सांगितलं, तर त्याला एकच विचारा: बाकीचे १५८० कुठे होते?