चित्त्याचे पुनःप्रवेशन, भारतातील
भारतातून नष्ट झालेला चित्ता आफ्रिकेतून आणून येथील अधिवासात पुन्हा वसवण्याचा प्रयोग (पहा : चित्ता, पुनःप्रवेशन). १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. आशियाई उपप्रजाती आता केवळ इराणमध्ये अत्यल्प संख्येने उरल्याने आफ्रिकी चित्ते आणण्याचे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही योजना रोखून मध्य प्रदेशातील कुनो हे क्षेत्र गीरच्या सिंहांसाठी (पहा : सिंह) राखण्यास सांगितले, मात्र २०२० मध्ये प्रायोगिक परवानगी दिली. त्यानुसार सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून ८ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून १२ चित्ते कुनोत आणले गेले.

२०२३ च्या पावसाळ्यात काही चित्ते दगावले. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील हिवाळा भारतातील पावसाळ्याच्या महिन्यांत येत असल्याने त्यांच्या अंगावर दाट केस वाढले होते. ते केस व मागोवा घेण्यासाठी बांधलेल्या गळपट्ट्याखालची कातडी ओली राहून जखमा झाल्या, त्यांत अळ्या पडल्या आणि रक्तात जंतुसंसर्ग पसरला. कुनोत पिल्ले जन्मली, हा योजनेच्या यशाचा समर्थकांनी दिलेला पुरावा आहे. तथापि कुंपणातील प्रजनन म्हणजे मुक्त, स्वतःहून टिकणारी संख्या नव्हे. चित्ता विरळ वस्तीने राहतो व दूरवर भटकतो, त्यामुळे कुनोचे सुमारे ७४८ चौ. किमी.चे उद्यान अपुरे आहे, हा आक्षेप चित्ते हद्दीबाहेर गेल्याने बळावला.