मूलपेशी

मूलपेशी (स्टेम सेल) : जी पेशी विभागताना एकीकडे आपल्याचसारखी पेशी मागे राखते आणि दुसरीकडे रक्त, त्वचा, आतड्याचे अस्तर यांसारख्या ऊतकांच्या कार्यक्षम पेशींना जन्म देते, तिला मूलपेशी म्हणतात. ही दोन्ही लक्षणे एकाच पेशीच्या ठायी असावी लागतात. केवळ विभागण्याची शक्ती पुरेशी नाही. भ्रूणाच्या पाचव्या-सहाव्या दिवशी त्याच्या अंतर्भागी असलेल्या पेशींपासून देहातील कोणतेही ऊतक उत्पन्न होऊ शकते. परंतु जन्मानंतर शरीरात ज्या मूलपेशी उरतात त्यांचा अधिकार आपापल्या ऊतकापुरताच चालतो, आणि रक्ताची मूलपेशी मेंदू किंवा मणका घडवीत नाही. मूलपेशींच्या नावाने आज जे इलाज सांगितले जातात, त्यांतील खरे कोणते आणि पोकळ कोणते हे जाणण्यास ही एक मर्यादा ध्यानी धरली तरी पुष्कळ उलगडा होतो.

रक्ताच्या मूलपेशीचा पुरावा टोरांटो येथील जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक यांनी 1961 साली दिला. किरणोत्साराने ज्यांची अस्थिमज्जा नष्ट केली होती अशा उंदरांच्या शिरेत त्यांनी निरोगी उंदरांची मज्जा सोडली, तेव्हा दहा-अकरा दिवसांनी त्या उंदरांच्या प्लीहेवर लहान लहान गाठी उठल्या, आणि त्या गाठींची संख्या सोडलेल्या पेशींच्या संख्येच्या प्रमाणात वाढत गेली. पुढे दोनच वर्षांत असे सिद्ध झाले, की अशी प्रत्येक गाठ एकाच पेशीची संतती असून तीत निरनिराळ्या जातींच्या रक्तपेशी आढळतात. या प्रयोगात उपचाराची दोन बीजे होती : ही पेशी शिरेतून सोडली तरी आपले ठिकाण आपणच हुडकते, आणि थोड्या पेशींपासून संपूर्ण रक्तनिर्मिती पुन्हा उभी राहते. प्रौढ मनुष्याची मज्जा दररोज सुमारे वीस हजार कोटी तांबड्या पेशी घडविते हे लक्षात घेतले, म्हणजे त्या दुसऱ्या गुणाची थोरवी कळते.

आज निर्विवादपणे प्रस्थापित झालेला मूलपेशी-उपचार तो हाच, म्हणजे रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण होय. अमेरिकेत ई. डोनल टॉमस यांनी 1957 पासून त्याचा पाया घातला व त्यासाठी त्यांना 1990 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. भारतात मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी 1983 साली पहिले यशस्वी अस्थिमज्जा-प्रत्यारोपण केले. रक्ताचा कर्करोग, मज्जाक्षय, काही जन्मजात प्रतिकारदोष आणि थॅलॅसेमिया हे त्याचे मुख्य विषय आहेत. त्यांपैकी थॅलॅसेमियाचे उदाहरण येथे सविस्तर घेणे इष्ट ठरेल, कारण त्यात या उपचाराचे सामर्थ्य आणि त्याची किंमत ही दोन्ही स्वच्छ दिसतात.

बीटा थॅलॅसेमियात हीमोग्लोबिनाची एक साखळी घडविणारे जनुक आईकडून व वडिलांकडून असे दोन्हीकडून सदोष आलेले असते. तिची जोडीदार असलेली दुसरी साखळी एकाकी पडून पेशीतच साकळते आणि तांबड्या पेशी मज्जेतून बाहेर पडण्यापूर्वीच मरतात. अशा मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे मिलिग्रॅमहून अधिक लोह शरीरात शिरते, आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीरापाशी नसल्यामुळे औषधांनी काढले नाही तर ते यकृतात व हृदयात साठते. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली इत्यादी समाजांत या दोषाचे वाहक अधिक आढळत असल्याने मुंबई व उल्हासनगर या भागांत हा रोग पुष्कळ कुटुंबांच्या परिचयाचा आहे.

आता समजा, असा सहा वर्षांचा, अठरा किलो वजनाचा एक मुलगा आहे आणि त्याला नऊ वर्षांची, सत्तावीस किलो वजनाची सख्खी बहीण आहे. पहिला प्रश्न ऊतक-जुळणीचा. पेशीच्या पृष्ठभागावरील ओळखखुणा ठरविणारी जनुके सहाव्या गुणसूत्रावर एकत्र बसलेली असून ती बहुधा सगळीच्या सगळी एकदम वारशाने येतात. म्हणून सख्ख्या भावंडाची पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारांत एक असते. आईवडिलांशी मात्र सामान्यतः अर्धीच जुळणी होते. बहीण जुळली आणि ती स्वतः थॅलॅसेमियाची केवळ वाहक असली, तरी ती दाती होऊ शकते, ही गोष्ट पुष्कळ पालकांना सांगावी लागते.

दुसरा प्रश्न मुलाच्या प्रकृतीचा. इटलीतील पेझारो येथे लुकारेल्ली यांनी शेकडो मुलांच्या अनुभवावरून तीन गोष्टी निवडल्या : यकृत किती वाढले आहे, त्यात तंतू पडले आहेत काय, आणि लोह काढण्याचे औषध नियमित चालले होते काय. तिन्ही गोष्टी अनुकूल असलेल्या लहान मुलांत यश सर्वांत अधिक, आणि तिन्ही प्रतिकूल असलेल्यांत धोका सर्वांत मोठा. जुळणारे भावंड असलेल्या पहिल्या वर्गातील मुलांपैकी दहांत नऊच्या आसपास रोगमुक्त होतात. म्हणूनच प्रत्यारोपणाची तजवीज पुढे ढकलायची असली, तरी लोह काढण्याच्या औषधात मात्र एक दिवसाचीही हयगय होता कामा नये.

यानंतर मुलाची जुनी मज्जा रिकामी करावी लागते. मज्जेत जागा नसेल तर नव्या पेशी वस्ती करू शकत नाहीत, आणि मुलाची प्रतिकारशक्ती शाबूत असेल तर ती त्यांना हुसकून लावते. त्यासाठी दीर्घकाळ बुसल्फान व सायक्लोफॉस्फामाइड ही औषधे वापरात आहेत. अलीकडे ट्रिओसल्फान, थायोटेपा व फ्लुडाराबीन यांची योजना होते. बुसल्फान एकाच मात्रेत निरनिराळ्या मुलांच्या रक्तात निरनिराळ्या पातळीवर राहत असल्याने ती पातळी मोजून मात्रा ठरविणे हितावह असते. ती फार चढली की यकृतातील सूक्ष्म शिरा तुंबतात. मुलाचे वजन एकाएकी वाढू लागणे, उजव्या बरगडीखाली दुखणे आणि कावीळ दिसणे ही त्याची लक्षणे होत. याच औषधांमुळे पुढे अपत्यप्राप्तीची क्षमताही जाऊ शकते, आणि ही बाब पालकांना आधीच स्पष्टपणे सांगितली पाहिजे.

ठरलेल्या दिवशी बहिणीला भूल देऊन तिच्या कमरेच्या हाडाच्या मागील कडेतून मज्जा ओढतात. एका जागी एका वेळी पाचेक मिलिलिटरच घेतात, कारण अधिक ओढल्यास मज्जेऐवजी नुसते रक्त येते. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे 15 मिलिलिटर धरल्यास 270 मिलिलिटर मज्जा लागते. बहिणीच्या वजनाच्या हिशेबाने ती दर किलोमागे 10 मिलिलिटर पडते, आणि 20 ही कमाल मर्यादा मानली जात असल्याने हे प्रमाण निर्धोक ठरते. तिची कंबर काही दिवस ठणकते, आणि काढलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. त्या पिशवीत रक्तजनक पेशी मुलाच्या दर किलोमागे किमान वीस लाख, म्हणजे सगळ्या मिळून तीन कोटी साठ लाख तरी असाव्यात अशी अपेक्षा असते. नंतर शस्त्रक्रिया कसलीच नाही : ती पिशवी मुलाच्या छातीजवळच्या नळीतून रक्तासारखीच थेंबथेंब दिली जाते, आणि पेशी फिरत फिरत मज्जेत पोहोचतात.

पुढचे दोन-तीन आठवडे अतिशय कठीण असतात. मुलाच्या तोंडात व्रण पडतात, गिळवत नाही, ताप येतो. पांढऱ्या पेशी शून्याजवळ गेल्यामुळे साधा जंतूही घातक होऊ शकतो. खोलीबाहेर लावलेल्या तक्त्यावर रोज सकाळी रक्तातील संरक्षक पेशींचा, म्हणजे न्यूट्रोफिलांचा, आकडा लिहिला जातो, आणि आईवडील तो सर्वांआधी वाचतात. कित्येक दिवस तेथे काहीच नसते, मग शंभर, मग तीनशे, आणि दर घनमिलिमीटरमागे पाचशेहून अधिक आकडा लागोपाठ तीन दिवस टिकला म्हणजे कलम धरले असे मानतात. धरलेले कलम बहिणीचेच आहे की मुलाची स्वतःची मज्जा परत उगवली, हे त्यानंतर जनुकीय तपासणीने पाहावे लागते. या उदाहरणात भावाच्या रक्तात स्त्रीची गुणसूत्रे सापडली म्हणजे तो दाखला मिळतो.

कलम धरल्यावरही एक मोठे संकट उरते. बहिणीच्या प्रतिकारक पेशी भावाच्या शरीराला परके समजून त्यावर चाल करू शकतात : तळहात-तळपायांवर पुरळ, पाण्यासारखे जुलाब आणि रक्तात वाढलेले पित्त ही त्याची तीन चिन्हे. ते टाळण्यासाठी सायक्लोस्पोरिनासारखी औषधे कित्येक महिने चालू ठेवावी लागतात. ही वाट निभावली की मुलाला रक्त घ्यावे लागत नाही, आणि दोघांचे रक्तगट भिन्न असल्यास त्याचा रक्तगटही कालांतराने बहिणीचाच होतो. तथापि साठलेले लोह आपोआप जात नाही. ज्या मुलाला जन्मभर रक्त दिले त्याच्याच शरीरातून नंतर नियमाने थोडे थोडे रक्त काढून ते लोह उतरवितात. शिवाय दोष केवळ रक्तातून गेलेला असतो, बीजपेशींतून नव्हे. त्याच्या अपत्यांना सदोष जनुक मिळणारच.

भावंड जुळत नसेल तर नोंदणीतील परका दाता किंवा अर्धे जुळणारे पालक यांचा विचार होतो, परंतु धोका वाढतो. 2023 च्या नोव्हेंबरात ब्रिटनने मान्य केलेल्या नव्या उपचारात रुग्णाच्या स्वतःच्याच मूलपेशी बाहेर काढून त्यांच्या जनुकात असा फेर करतात, की गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन पुन्हा बनू लागते. परक्या पेशींचे संकट त्यात नाही. परंतु बुसल्फान द्यावेच लागते, आणि अमेरिकेत त्याची किंमत वीस लाख डॉलरांहून अधिक असल्याने तूर्त तो फारच थोड्यांच्या आवाक्यात आहे.

रक्ताबाहेर निश्चित फळ देणारे मूलपेशी-उपचार थोडे आहेत. चुन्याची पुडी फुटून किंवा आम्ल उडून डोळ्याच्या बुबुळाची कड जळते, तेव्हा तेथील मूलपेशी नष्ट होऊन पारदर्शक पटलावर पांढुरका पडदा चढतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील विरेंदर सांगवान व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली सांगितलेल्या रीतीत दुसऱ्या, निरोगी डोळ्याच्या कडेचा सुमारे दोन मिलिमीटरचा तुकडा घेऊन त्याचे आठ-दहा कण करतात आणि ते जळलेल्या डोळ्यावर गर्भवेष्टनाच्या पातळ पापुद्र्यावर चिकटवितात. तेथून नवे आवरण पसरते. दोन्ही डोळे जळले असतील तर मात्र हा उपाय चालत नाही. मोठ्या भाजण्यावर प्रयोगशाळेत वाढविलेली त्वचा लावण्याची रीत 1980 च्या दशकापासून चालू आहे. या सर्वांत एक साम्य आहे : पेशी आपल्याच ऊतकात परत जाते, आणि ती तेथे वसली की नाही हे मोजता येते.

ज्या जाहिरातींत स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मधुमेह, मणक्याची इजा आणि गुडघेदुखी या सर्वांवर एकाच सुईने इलाज सांगितला जातो, त्यांना नेमका हाच आधार नसतो. पोटाच्या चरबीतून काढलेली पेशी मज्जातंतू घडवीत नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात अशाच पेशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतलेल्या तीन स्त्रियांची दृष्टी अत्यंत खालावल्याचे वृत्त 2017 साली वैद्यकीय नियतकालिकात आले. उपचारापूर्वी त्यांना थोडेफार दिसत होते. त्याच वर्षीच्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसाठीचे प्रत्यारोपण सोडून इतर उपयोग परवानगी घेतलेल्या चाचणीतच करता येतात. स्वमग्नतेवर मूलपेशी वापरण्याची शिफारस करता येत नाही, असे 2022 साली राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगानेही कळविले. अशा चाचणीत भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे शुल्क मागितले गेले, तर तेवढ्यावरूनही सावध व्हावे.

प्रसूतीच्या वेळी नाळेतील रक्त खाजगी पेढीत ठेवण्याचा प्रश्न नवपालकांपुढे हटकून येतो. या रक्तात मूलपेशी असतात हे खरे, आणि पॅरिसमध्ये 1988 साली एका मुलावर बहिणीच्या नाळरक्ताचे पहिले प्रत्यारोपण यशस्वीही झाले. परंतु बाळाला जन्मजात रक्तदोष असेल तर त्याच्याच नाळेत तोच दोष असतो, म्हणून स्वतःसाठी ते निरुपयोगी ठरते. शिवाय एका नाळेतील पेशी मोठ्या वजनाच्या रुग्णाला बहुधा पुरत नाहीत. घरात थॅलॅसेमियाचे मूल असताना दुसरे अपत्य जन्मास येत असेल तर त्याचे नाळरक्त जपणे योग्य आहे, आणि त्याविषयी प्रत्यारोपण करणाऱ्या वैद्याशी प्रसूतीपूर्वीच बोलून ठेवावे, कारण नाळ कापल्यावर ते गोळा करण्यास काही मिनिटांचाच अवधी मिळतो.