बरोबरची खूण आणि शून्याचा घोळ

सॉफ्टवेअरच्या चाचण्यांवर संशोधन करायचं म्हटलं की बिल्ड लॉग चाळणं आलंच. समजा, एकाच प्रकल्पाचे लिनक्स आणि विंडोजवरचे लॉग तुमच्याकडे आहेत आणि पास झालेल्या चाचण्या मोजायच्या आहेत.

```
grep -c '✓' linux.log
240
grep -c '✓' windows.log
0
```

विंडोजवर सगळ्या चाचण्या फसल्या, असा निष्कर्ष काढायचा का? थांबा. आधी ही खूण आली कुठून ते बघू.

1987 मध्ये पर्लची पहिली आवृत्ती आली. तिच्या चाचण्या `1..4` अशी एकूण संख्या छापायच्या आणि मग `ok 1`, `not ok 2` अशा ओळी. या ओळी वाचणारा दुसरा एक प्रोग्रामच होता. पुढे यातूनच टॅप हा प्रोटोकॉल झाला. म्हणजे सुरुवातीचा निकाल यंत्रासाठीच होता.

2011 मध्ये जावास्क्रिप्टसाठी मोका आलं. त्याच्या अहवालात सुरुवातीला पास चाचणीपुढे ✓ यायची, ती माणसाच्या डोळ्यांसाठी. पण विंडोज टर्मिनलच्या मूळ फाँटमध्ये ही खूण मिळेलच असं नव्हतं. म्हणून मोकाच्या कोडमध्येच सोय केली गेली: विंडोज असेल तर √ छापा, म्हणजे चक्क वर्गमुळाचं चिन्ह! डोळ्याला दोन्ही सारखीच, पण `grep` ला एक U+2713 आणि दुसरं U+221A. आपलं शून्य आलं ते इथून. चाचण्या पास झाल्या होत्या, आपण चुकीची खूण शोधत होतो.

नोडचा स्वतःचा टेस्ट रनर तर आणखी फसवा. आवृत्ती 20 मध्ये तो टर्मिनलवर ✔ दाखवायचा, पण आउटपुट फाइलमध्ये वळवलं की टॅप लिहायचा. आवृत्ती 23 पासून फाइलमध्येही ✔ येऊ लागली. म्हणजे चाचण्या त्याच, आज्ञा तीच, फक्त आवृत्ती बदलली आणि `ok` शोधणारी स्क्रिप्ट गप्प बसली. या अहवालांचं स्वरूप बदलू शकतं, त्यावर प्रोग्राम विसंबू नयेत, असं नोडच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं आहे.

खरी अडचण अशी की इथे एरर येत नाही, शून्य येतं. आणि शून्य हाही आकडाच, तो तक्त्यात निमूटपणे जाऊन बसतो.

मग करायचं काय? मोका शेवटी साध्या अक्षरांत `240 passing` असा गोषवारा देतो. खुणांची बेरीज त्याच्याशी जुळते का, हे प्रत्येक लॉगसाठी तपासा. जुळली नाही, तर तो लॉग बाजूला काढून हाताने वाचा. चाचण्या स्वतः चालवणार असाल, तर निकाल जेसनमध्ये घ्या. आणि प्रत्येक लॉगसोबत प्रणाली व आवृत्ती नोंदवून ठेवा, कारण जुन्या लॉगमधल्या खुणेचा अर्थ त्यांच्याशिवाय लागत नाही.