सहा श्वासांची कुळकथा

डिसेंबर 2001च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पाव्हियाचे हृदयतज्ज्ञ लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध आला. त्यांनी 23 निरोगी माणसांकडून लॅटिनमधली ‘आवे मारिया’ म्हणवून घेतली आणि ‘ओम मणि पद्मे ओम’चा जपही करवला. एरवी मिनिटाला चौदाच्या आसपास चालणारा श्वास दोन्ही वेळा जवळजवळ सहावर उतरला. प्राणायामाचा इतिहास शोधताना मला सर्वांत मोलाचा वाटलेला दुवा हाच.

सहाच का, याचे उत्तर रक्तदाबात आहे. आपला रक्तदाब साधारण दर दहा सेकंदांनी थोडा चढतो आणि उतरतो. या लाटांना मेयर लहरी म्हणतात. शिवाय श्वास घेताना नाडी जलद होते, सोडताना मंदावते. दहा सेकंदांत एक श्वास झाला की हा चढउतार त्या लाटेशी जुळतो. झोपाळ्याला त्याच्याच लयीत धक्का दिला की झोका वाढतो, तसेच इथे होते. मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाब ओळखणाऱ्या मज्जातंतूंचा प्रतिसाद तीव्र होतो आणि हृदयाला लगाम घालणारी व्हेगस नस अधिक काम करते.

आता कुळाचा प्रश्न. जपमाळ भारतातून आणि तिबेटातून अरबांकडे गेली, क्रूसेडर योद्ध्यांनी ती युरोपात नेली आणि तिथे रोझरी झाली, असे एक मत बर्नार्डींनी पुढे ठेवले आहे. ते खरे असेल तर सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आलेली, संध्याकाळी घरोघरी म्हटली जाणारी तेर्स म्हणजे परदेश फिरून माहेरी आलेली भारतीय लेकच ठरते. दुसरा पक्ष म्हणतो, मठातले भिक्षू दीडशे स्तोत्रे म्हणत. ज्यांना वाचता येत नव्हते ते त्याऐवजी दीडशे वेळा ‘आमच्या बापा’ म्हणत आणि मोजणीसाठी मणी वापरत. रोझरी तिथूनच आली.

मणी आपल्याकडून गेले असतील, हे मी सहज मान्य करेन. लय मात्र गेली नाही, असे माझे ठाम मत आहे. बर्नार्डींच्या मोजमापात दहा सेकंदांचे आवर्तन भरते ते प्रार्थनेचे दोन्ही अर्धे मिळून: एक जण पहिला म्हणतो, बाकीचे दुसरा. पण ‘सांक्ता मारिया’ हा दुसरा अर्धा पंधराव्या शतकात रूढ होत गेला आणि 1568 साली पायस पाचव्या पोपच्या प्रार्थनाग्रंथात पक्का झाला. क्रूसेडची युद्धे तेराव्या शतकातच संपली होती. जो भाग तेव्हा प्रार्थनेत नव्हता, त्याची लय योद्धे कुठून आणणार? म्हणून माझा तर्क असा, की दोन्हीकडच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या म्हणता म्हणता प्रार्थना सोयीच्या लांबीची केली, आणि ती सोय शरीराने ठरवली.

यावर एक वजनदार आक्षेप घेता येतो. ‘घेरंडसंहिते’त मध्यम प्राणायामाच्या मात्रा 16, 64 आणि 32 आहेत. मात्रा सेकंदाची धरली तर पूरक, कुंभक, रेचक मिळून 112 सेकंद होतात, म्हणजे दोन मिनिटांना जेमतेम एक श्वास. सहाचा नियम इथे चालत नाही, कारण दीर्घ कुंभकाचा शरीरावरचा ताण निराळा. माझी कुळकथा म्हणून कुंभकाविना चालणाऱ्या मंद श्वासापुरतीच आहे: चार सेकंद पूरक, सहा सेकंद रेचक.

हा सराव रोज दहा-पंधरा मिनिटे, काही आठवडे केला की विश्रांतीची नाडी मिनिटाला काही ठोक्यांनी उतरलेली अनेक प्रयोगांत दिसते. पाहायचे असेल तर सकाळी उठण्याआधी, पडल्या पडल्या पूर्ण मिनिटभर नाडी मोजावी आणि आठवड्याची सरासरी काढावी. एका दिवसाचा आकडा झोपेने, तापाने किंवा चहाने बदलतो. सरावात चक्कर येत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर श्वास मंद असूनही गरजेपेक्षा खोल जातो आहे आणि कार्बन डायऑक्साइड घटतो आहे. तेव्हा गती तीच ठेवून श्वास उथळ करावा.

फुप्फुसांच्या बाबतीत दावा जपून करायला हवा. प्रौढाच्या फुप्फुसांची एकूण क्षमता छातीच्या पिंजऱ्याने ठरते. ती प्राणायामाने फारशी वाढत नाही. वाढते ती पूर्ण श्वास घेऊन बाहेर टाकता येणारी हवा, कारण श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू बळकट होतात. स्पायरोमीटरवर दुसऱ्या खेपेला आकडा नुसत्या सवयीनेही सुधारतो, म्हणून तीन फुंकींतली सर्वोत्तम धरतात आणि सराव न करणाऱ्या गटाशी तुलना करतात. नाडीवरचा परिणाम लयीचा आहे, फुप्फुसांवरचा स्नायूंचा. सहा श्वासांचे कूळ फक्त पहिल्याला लागू पडते.