चाचणी डेटा (रुग्णनोंदी)

रुग्णालयाची संगणकप्रणाली तपासण्यासाठी खऱ्या नोंदींची ओळख झाकून तयार केलेला माहितीसंच. त्यातला रुग्ण कोण हे कळू नये, पण प्रणालीला तो खऱ्या रुग्णासारखाच वाटावा, अशी त्याची रचना असते.

समजण्यासाठी एक कल्पित नोंद घेऊ. वरसाव्याची 58 वर्षांची बाई महामार्गावरील अपघातानंतर 14 ऑगस्ट 2023 रोजी दाखल झाली आणि 22 ऑगस्टला घरी गेली. तिचे नाव बदलताना मधले, म्हणजे पतीचे, नाव आणि आडनावही जुळते घ्यावे लागते. रुग्णक्रमांकाला दिलेला पर्यायी क्रमांक प्रयोगशाळा, औषधे आणि बिल या सर्व तक्त्यांत एकच हवा. तो न जुळल्यास बिल निराधार राहते आणि परीक्षक नसलेला दोष शोधत बसतो. पर्यायी क्रमांक गुप्त किल्ली वापरूनच काढावा. साध्या हॅशने झाकलेला दहा अंकी मोबाइल क्रमांक सगळे संभाव्य क्रमांक पडताळून उलगडता येतो.

तारखा मनमानीने बदलल्या तर डिस्चार्ज दाखल होण्याच्या आधी पडतो. म्हणून एका रुग्णाच्या सर्व तारखा सारख्याच दिवसांनी सरकवतात. दर रुग्णाचे हे अंतर निराळे असते. वरील नोंद 371 दिवस मागे नेल्यास 8 ते 16 ऑगस्ट 2022 मिळते: मुक्काम आठ दिवसांचाच राहतो, 371 हे 53 आठवडे असल्याने सोमवार सोमवारच राहतो आणि पावसाळाही टिकतो. रविवारी बंद असणाऱ्या ओपीडीची चाचणी त्यामुळे बिघडत नाही.

खरा धोका उरलेल्या तपशिलांत आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये लतान्या स्वीनी यांनी जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड मतदारयादीशी जुळवून गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची रुग्णालयीन नोंद शोधली होती. नोंदींत नाव नव्हतेच. वरसाव्यासारख्या लहान वस्तीत वय, लिंग आणि अपघात एवढ्यावरूनही शेजारी माणूस ओळखू शकतो. त्यामुळे गावाऐवजी ‘मीरा-भाईंदर’ आणि वयाऐवजी ‘55 ते 59’ असा गट ठेवणे बरे. अर्थात वयावर अवलंबून असलेल्या औषधमात्रेच्या चाचणीला हा गट पुरत नाही. तिथे पूर्णतः कृत्रिम रुग्ण वापरावेत. सिंथिया हे मुक्त साधन असे रुग्ण घडवते, मात्र मुळात ते अमेरिकी लोकसंख्येवर बेतलेले आहे, म्हणून नावे, पत्ते आणि आजारांचे प्रमाण इथले भरावे लागते.

बरीच गळती डॉक्टरांच्या टिपणांतूनही होते. रकाने झाकले तरी ‘वरसावे पुलाजवळ ट्रकची धडक’ हे वाक्य तसेच राहते आणि वर्तमानपत्रातल्या बातमीशी जुळते. सोनोग्राफीच्या चित्रावर छापलेले नावही असेच निसटते. म्हणून संच देण्यापूर्वी मूळ नावे आणि मोबाइल क्रमांक त्यात, टिपणे व जोडपत्रांसह, शोधून पाहतात. चित्रांवरची अक्षरे या शोधाला दिसत नाहीत, ती वेगळी तपासावी लागतात. एखादे नाव सापडले तर संच रोखून गळतीची जागा दुरुस्त करतात आणि पुन्हा तयार करतात. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात ज्या माहितीवरून व्यक्ती ओळखता येते ती व्यक्तिगत माहितीच ठरते, त्यामुळे असा अर्धवट झाकलेला संच चाचणी कंत्राटदाराकडे देता कामा नये.